एकोणीस दिवसांचा खंड: एट्रियल फिब्रिलेशन, हृदयातली गुठळी आणि मेंदूचा झटका

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडण्याचा विकार, असलेल्या रुग्णांना येणाऱ्या मेंदूच्या झटक्यांत जे तपशील पुन्हा पुन्हा आढळतात, ते एकत्र आणून एका रुग्णाच्या रूपात येथे मांडले आहेत. त्यातला वैद्यकीय क्रम, औषधांच्या मात्रा आणि घडलेली चूक मात्र प्रत्यक्षात दिसते तशीच ठेवली आहे.

रुग्ण ७२ वर्षांच्या, ५८ किलो वजनाच्या गृहिणी होत्या. बारा वर्षांपासून त्यांना उच्च रक्तदाब होता आणि सहा वर्षांपासून मधुमेह. एका सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी कपड्यांच्या घड्या घालत त्या मुलीशी बोलत होत्या. बोलता बोलता त्यांचे वाक्य मध्येच तुटले, उजव्या हातातला कपडा गळून पडला आणि तोंड डावीकडे ओढले गेले. मुलीने दोनदा "आई, काय होतंय?" असे विचारले, तेव्हा त्या तिच्याकडे पाहत राहिल्या; पण तोंडून निघालेल्या आवाजाला शब्दांचा आकार नव्हता. मुलीने घड्याळात पाहून वेळ लक्षात ठेवली. पुढच्या सगळ्या उपचारांचा हिशेब याच वेळेपासून सुरू झाला, कारण रुग्ण शेवटचा नीट असल्याची नेमकी वेळ ठाऊक नसेल तर गुठळी विरघळवणारे औषध देता येईल की नाही, हे ठरवणेच अवघड होऊन बसते.

रुग्णालयात त्या ८ वाजून ३५ मिनिटांनी पोहोचल्या. उजवा हात आणि पाय जवळजवळ हलत नव्हते, बोलणे पूर्ण थांबले होते आणि दोन्ही डोळे डावीकडे वळलेले होते. मेंदूचा एक अर्धगोल अचानक बंद पडला की डोळे त्याच बाजूला वळतात. म्हणून बिघाड डाव्या अर्धगोलात आणि मोठ्या धमनीत असावा, हा अंदाज तपासणीच्या पहिल्याच मिनिटात आला. रक्तातली साखर योग्य होती, म्हणजे साखर उतरल्यामुळे दिसणारी झटक्यासारखी लक्षणे ही नव्हती. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. धमन्यांच्या सीटीमध्ये डाव्या मध्य मस्तिष्क धमनीचे मुख्य खोड बंद आढळले. मानेतल्या धमन्या मात्र स्वच्छ होत्या. त्यांत चरबीचा थर किंवा अरुंदपणा नव्हता. ही नोंद महत्त्वाची होती, कारण मानेतली धमनी अरुंद असती तर गुठळी तिथूनच सुटली असेल, असा संशय आधी घ्यावा लागला असता.

मग ईसीजी काढला गेला. तो पूर्णपणे नियमित होता. नाडी मिनिटाला ७६ होती आणि एकही ठोका चुकत नव्हता. मुलगी म्हणाली, "आईची नाडी तर कित्येक महिने अशीच आहे, आम्ही रोज मशीनवर बघतो." या वाक्यातच या प्रकरणाचा उलगडा आहे, आणि तो समजण्यासाठी आठ महिने मागे जावे लागेल.

आठ महिन्यांपूर्वी एका रात्री त्यांना जोरात धडधड होऊन दम लागला होता. तेव्हाच्या ईसीजीमध्ये नाडीचा वेग १३८ होता, दोन ठोक्यांमधले अंतर प्रत्येक वेळी वेगळे येत होते आणि अलिंदाच्या आकुंचनाची जी छोटी लहर प्रत्येक ठोक्याआधी दिसायला हवी, ती कुठेही नव्हती. हेच एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात. या अवस्थेत त्यांच्या स्नायूंत मिनिटाला ३५० ते ६०० इतक्या वेगाने विद्युत लहरी सैरावैरा फिरतात, त्यामुळे अलिंद एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये असलेली विद्युतगाठ यातल्या थोड्याच लहरी खाली जाऊ देते, म्हणून नाडीचा वेग तितका वाढत नाही, पण तिचा ताल सुटतो. रुग्णाला वेग कमी करणारे औषध दिले गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचा ताल आपोआप मूळपदावर आला. डॉक्टरांनी त्याबरोबर अपिक्साबान हे रक्त पातळ करणारे औषधही ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे लिहून दिले.

ताल परत आला असताना हे औषध कशासाठी, असा प्रश्न घरच्यांना तेव्हाच पडला होता, आणि तो रास्त होता. पण त्याचे उत्तर त्यांना मिळाले नाही, निदान त्यांच्या लक्षात राहील असे तरी मिळाले नाही. सात महिने त्यांनी औषध नियमाने घेतले. मग एक दात काढायचा ठरला, तेव्हा रक्त थांबणार नाही या भीतीने "थोडे दिवस गोळी बंद ठेवा" असे त्यांना सांगण्यात आले. किती दिवस, हे कोणी सांगितले नाही आणि पुन्हा सुरू करण्याची तारीख कुठल्याच कागदावर आली नाही. दात निघाला, जखम भरली, नाडी यंत्रावर रोज ७४-७६ दिसत राहिली. आता सगळे ठीक आहे, असे समजून गोळी बंदच राहिली. झटका आला तो बंद केल्यापासून एकोणिसाव्या दिवशी.

गुठळी कुठे तयार झाली, हे समजले की ही चूक कशी घडली तेही समजते. डाव्या अलिंदाला बाहेरच्या बाजूने बोटाएवढी एक पिशवी जोडलेली असते. तिचे तोंड अरुंद आणि आतली भिंत स्नायूंच्या कंगव्यासारख्या दातेरी कडांनी खडबडीत असते. अलिंद नीट आकुंचन पावते तेव्हा प्रत्येक ठोक्याला ही पिशवी पिळली जाऊन रिकामी होते. अलिंद थरथरू लागले की पिळणे थांबते आणि आतले रक्त संथ होत जाते. अन्ननलिकेतून केलेल्या सोनोग्राफीत या पिशवीतल्या रक्ताचा वेग मोजता येतो. निरोगी माणसात तो सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटरहून अधिक असतो, आणि २० च्या खाली उतरला की गुठळीचा धोका स्पष्टपणे वाढतो. त्या वेगाने फिरणारे रक्त पडद्यावर धुरासारखे घुमताना दिसते. ज्यांच्या हृदयाच्या झडपा ठीक आहेत अशा एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांत, डाव्या अलिंदात सापडलेल्या गुठळ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के याच पिशवीत असतात. छातीवरून केलेल्या नेहमीच्या इकोमध्ये ही पिशवी नीट दिसत नाही. म्हणून "इको नॉर्मल आहे" या अहवालावरून तिथे गुठळी नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. या रुग्णाचा इकोही नॉर्मलच होता.

साचलेले रक्त एवढेच कारण असते, तर ताल परत येताच धोका संपायला हवा होता. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि याला तीन कारणे आहेत. पहिले असे की विद्युत ताल सुधारला तरी अलिंदाचा स्नायू काही दिवस ते काही आठवडे बधिर राहतो. ईसीजी नियमित दिसते, पण पिशवी पूर्ण जोराने पिळली जात नाही. म्हणूनच विजेचा झटका देऊन किंवा औषधाने ताल परत आणला, तर त्यानंतर निदान चार आठवडे रक्त पातळ करणारे औषध चालू ठेवतात. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने अलिंदाची भिंत ताणली जाते, तिच्यात तंतुमय ऊती वाढतात आणि आतले गुळगुळीत अस्तर खराब होते. अशा अलिंदात ताल बरोबर असतानाही रक्त गोठण्याची प्रवृत्ती राहते. फिब्रिलेशन हे त्या आजारी अलिंदाचे कारण जितके आहे, तितकेच त्याचे लक्षणही आहे. तिसरे कारण म्हणजे फिब्रिलेशनचे बरेचसे झटके रुग्णाला जाणवतच नाहीत. दिवसातून एकदा, सकाळी चहाच्या वेळी मोजलेली नाडी रात्री तीन वाजता काय चालले होते हे सांगू शकत नाही. या रुग्णाच्या बाबतीत रुग्णालयातल्या सततच्या देखरेखीत दुसऱ्याच रात्री चाळीस मिनिटांचे फिब्रिलेशन नोंदले गेले, आणि त्या वेळी त्या शांत झोपलेल्या होत्या.

येथे आणखी एक निरीक्षण नोंदवले पाहिजे. ज्यांच्या शरीरात पेसमेकरसारखे नोंद ठेवणारे उपकरण आहे, अशा रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की मेंदूचा झटका आलेल्या अनेकांमध्ये त्याआधीच्या ३० दिवसांत फिब्रिलेशनची एकही नोंद नव्हती. म्हणजे फिब्रिलेशन चालू असताना तेवढी गोळी घ्यायची आणि थांबले की बंद करायची, ही वरवर शहाणपणाची वाटणारी पद्धत मुळातच चुकीच्या गृहीतकावर उभी आहे.

पिशवीतली गुठळी सुटली की तिचा पुढचा प्रवास काही सेकंदांचा असतो. डाव्या अलिंदातून झडपेमधून खालच्या कप्प्यात म्हणजे डाव्या निलयात, निलयाच्या एका आकुंचनासरशी महाधमनीत आणि महाधमनीच्या कमानीतून निघणाऱ्या पहिल्या मोठ्या फाट्यांपैकी एखाद्यात. हृदयाने फेकलेल्या रक्ताचा साधारण सातवा ते पाचवा हिस्सा मेंदूकडे जातो, त्यामुळे गुठळी तिकडे ओढली जाण्याची शक्यता मोठी असते. ती पायाच्या, आतड्याच्या किंवा मूत्रपिंडाच्या धमनीतही जाऊन अडकू शकते आणि कधी कधी तशी अडकतेही. मानेतून वर गेल्यावर सर्वात सरळ आणि सर्वाधिक रक्तप्रवाह असलेला रस्ता मध्य मस्तिष्क धमनीचा असतो. तिच्या खोडाचा व्यास जेमतेम तीन मिलिमीटर भरतो. हृदयातल्या ऐसपैस जागेत निवांतपणे वाढलेली गुठळी त्याहून मोठी सहज होते, आणि म्हणून ती एखाद्या बारीक फांदीत न अडकता खोडच बंद करते. फिब्रिलेशनमुळे येणारे झटके इतर कारणांच्या झटक्यांपेक्षा अनेकदा अधिक गंभीर असतात, ते या साध्या मापामुळे.

या रुग्णाच्या उपचाराकडे परत येऊ. गुठळी विरघळवणारे औषध देण्याआधी शेवटची रक्त पातळ करणारी गोळी कधी घेतली, हे विचारणे बंधनकारक असते. मागच्या ४८ तासांत अपिक्साबान घेतले असेल, तर हे औषध सहसा देत नाहीत. एकोणीस दिवस गोळी घेतली नव्हती, त्यामुळे अल्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारे औषध देण्यास अडचण नव्हती. वजनाच्या प्रति किलो ०.९ मिलिग्रॅम या हिशेबाने एकूण ५२ मिलिग्रॅम औषध ठरले. त्यातला दहावा भाग लगेच शिरेतून आणि उरलेले एका तासात द्यायचे. ९ वाजून ५ मिनिटांनी ते सुरू झाले. मोठ्या धमनीचे खोड केवळ औषधाने उघडण्याची खात्री नसते, म्हणून ते चालू असतानाच जांघेतल्या धमनीतून नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्यात आली. १० वाजून १५ मिनिटांनी धमनी उघडली. बाहेर आलेला गडद तांबडा तुकडा सुमारे नऊ मिलिमीटर लांब होता.

संध्याकाळपर्यंत उजवा पाय हलू लागला, दुसऱ्या दिवशी काही शब्द परतले. मात्र दुसऱ्या दिवशीच्या सीटीमध्ये मेंदूच्या खोल भागातला एक तुकडा कायमचा गेलेला दिसला. याचे कारण रचनेत आहे. मध्य मस्तिष्क धमनीच्या खोडातून बारीक धमन्या सरळ खोल भागात शिरतात आणि त्यांना दुसरीकडून रक्त मिळण्याची सोय नसते. मेंदूच्या पृष्ठभागाला शेजारच्या धमन्यांकडून थोडाफार आधार मिळतो, त्यामुळे तो अडीच तास तग धरू शकला. खोल भाग तेवढा वेळ थांबला नाही.

आता औषधाविषयी. "रक्त पातळ करणारे" हे नाव रूढ झाले आहे आणि ते बदलणार नाही, पण त्याने गैरसमज होतो. या औषधाने रक्ताचा दाटपणा बदलत नाही. रक्त गोठताना प्रथिनांची एक साखळी एकामागून एक सक्रिय होत जाते. तिच्या शेवटच्या टप्प्यांत दहावा घटक थ्रॉम्बिन तयार करतो आणि थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते. दहाव्या घटकाचा एक रेणू सुमारे हजार थ्रॉम्बिन रेणू तयार करू शकतो, म्हणून साखळी तिथे अडवली तर परिणाम मोठा होतो. अपिक्साबान तेच करते. जुने वॉरफरिन वेगळ्या वाटेने जाते: ते व्हिटॅमिन के चे काम रोखून यकृतात दुसरा, सातवा, नववा आणि दहावा घटक अर्धवट बनवते, आणि म्हणून त्याचा परिणाम आयएनआर या तपासणीने मोजत २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. यांपैकी कुठलेही औषध तयार झालेली गुठळी थेट विरघळवत नाही. ते नवी गुठळी बनू देत नाही आणि जुनी वाढू देत नाही. तेवढ्यात शरीराची स्वतःची यंत्रणा जुनी गुठळी हळूहळू झिजवते.

याच कारणाने ॲस्पिरिन येथे कमी पडते. ॲस्पिरिन प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही आणि धमनीच्या फाटलेल्या थरावर वेगवान प्रवाहात बनणाऱ्या गुठळीवर ते चांगले काम करते. संथ रक्तात बनणारी अलिंदातली गुठळी मुख्यतः फायब्रिनच्या जाळ्यावर उभी असते. "ॲस्पिरिन सौम्य आहे, निदान तेवढे तरी द्या" असे अजूनही सुचवले जाते. पण वॉरफरिन घेऊ न शकणाऱ्या रुग्णांमध्ये अपिक्साबान आणि ॲस्पिरिनची तुलना करणारी जी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात अपिक्साबानने झटके निम्म्याहून अधिक कमी केले आणि मोठा रक्तस्राव दोन्ही गटांत जवळपास सारखाच राहिला. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

गोळी कोणाला द्यायची, हे ठरवण्यासाठी चॅड्स-व्हॅस्क ही गुणपद्धती वापरतात. या रुग्णाला पहिल्याच भेटीत रक्तदाबाचा एक, मधुमेहाचा एक, ६५ ते ७४ या वयाचा एक आणि स्त्री असल्याचा एक, असे चार गुण होते. अलीकडच्या युरोपीय मार्गदर्शनात स्त्रीत्वाचा गुण धरत नाहीत, त्या हिशेबानेही तीन होतात. असे शंभर रुग्ण औषधाविना राहिले, तर वर्षभरात साधारण चार-पाच जणांना झटका येतो, आणि औषधाने त्यातले सुमारे दोन तृतीयांश टळतात. दुसऱ्या बाजूला, औषध घेणाऱ्या शंभरांपैकी दोघा-तिघांना वर्षभरात मोठा रक्तस्राव होतो. आकडे जवळचे वाटतात, आणि म्हणूनच मला ही तुलना नुसत्या आकड्यांवर सोडणे पटत नाही. पोटातल्या किंवा हिरडीतल्या बहुतेक रक्तस्रावांतून रुग्ण पूर्ण बरा होतो. मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही. सर्वात भीतीदायक रक्तस्राव कवटीच्या आतला, आणि तो अपिक्साबानच्या गटातल्या नव्या औषधांमुळे वॉरफरिनच्या तुलनेत साधारण निम्मा होतो. अर्थात झडप कृत्रिम धातूची असेल किंवा डावे अलिंद आणि निलय यांच्यामधली झडप मध्यम ते तीव्र अरुंद असेल, तर ही नवी औषधे चालत नाहीत. तिथे वॉरफरिनच द्यावे लागते.

नव्या औषधांचा गुण हाच त्यांचा दोषही आहे. वॉरफरिन बंद केल्यावर त्याचा परिणाम ओसरायला चार-पाच दिवस लागतात. अपिक्साबानचे रक्तातले प्रमाण सुमारे बारा तासांत निम्मे होते, त्यामुळे दोन दिवसांनी संरक्षण जवळजवळ उरत नाही. या रुग्णाचे एकोणीस दिवस खरे तर सतरा दिवस पूर्ण उघडे होते.

चौथ्या दिवशी पुन्हा सीटी करून रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर अपिक्साबान पुन्हा सुरू केले. मात्रेचा प्रश्न निघाला, कारण वजन साठ किलोंच्या आत होते आणि वयही झाले होते, तेव्हा निम्मी मात्रा सुरक्षित ठरेल असे एका सहकाऱ्याचे मत होते. पण मात्रा २.५ मिलिग्रॅमवर आणण्यासाठी वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, आणि क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक या तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. येथे एकच होती, क्रिएटिनिन ०.९ होते. निम्म्या मात्रेने झटक्यापासूनचे संरक्षण घटले असते, म्हणून ५ मिलिग्रॅम दोनदा हीच मात्रा कायम राहिली. झटक्याचे दोन गुण वाढून त्यांची बेरीज आता सहा झाली होती.

तीन महिन्यांनी त्या स्वतः चालत तपासणीला आल्या. उजव्या हाताने बटण लावायला वेळ लागत होता आणि नेहमीच्या वस्तूंची नावे मध्येच अडत होती. ही अडचण काही प्रमाणात राहील, असे त्यांना स्पष्ट सांगितले. आठ महिन्यांनी दुसरा दात काढण्याची वेळ आली. या वेळी दंतवैद्यांशी आधी बोलणे झाले. दात सकाळी आठला काढायचा ठरला, म्हणजे आदल्या रात्रीच्या मात्रेचा परिणाम सर्वात कमी असताना. जागेवर कापूस दाबून धरल्यावर अर्ध्या तासात रक्त थांबले. सकाळची गोळी त्यांनी दुपारी बाराला घेतली, रात्रीची नेहमीच्या वेळी नऊला, आणि दोन्ही वेळा मुलीने वहीत लिहून ठेवल्या.